तास सुरू, रेकॉर्डिंग सुरू

बारावीच्या गणिताचा ऑनलाइन तास संध्याकाळी सातला सुरू होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत बाईंना बरंच काही करायचं असतं. बाहेर थांबलेल्या मुलांना आत घ्यायचं, आवाज नीट येतोय का विचारायचं, टॅबवरचा पेन चालतोय का बघायचं, स्क्रीन शेअर करायची. त्यातच कुणीतरी कालच्या गृहपाठातलं सातवं गणित काढलेलं असतं. रेकॉर्डिंगचं बटणही याच दोन मिनिटांत दाबायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. ते राहिलं हे कळतं रात्री, तापामुळे न आलेल्या मुलीचा ‘बाई, आजचं रेकॉर्डिंग पाठवाल का?’ असा मेसेज आल्यावर. तोवर तास होऊन गेलेला असतो आणि झालेल्या तासाचं रेकॉर्डिंग मागाहून करता येत नाही.

हे बटण रोज आठवणीनं दाबायची गरजच नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी होणाऱ्या तासांची लिंक एकदा तयार करताना तिच्यातच ‘या लिंकवर जे काही होईल ते आपोआप रेकॉर्ड कर’ अशी सूचना घालून ठेवता येते. ही सोय झूम, गूगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स या तिन्हींत आहे. आपण झूमचंच उदाहरण नीट उलगडून पाहू. त्यातलं तत्त्व एकदा समजलं की बाकीच्या दोन ठिकाणी फक्त बटणांची नावं शोधावी लागतात.

क्लाउडच का?

झूमचं रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जाऊ शकतं. एक म्हणजे शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर आणि दुसरं म्हणजे झूमच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर. मोफत खात्यात फक्त पहिला पर्याय मिळतो. शिवाय मोफत खात्यातली मीटिंग ४० मिनिटांनी संपते, त्यामुळे दीड तासाच्या क्लाससाठी ते खातं तसंही अपुरं पडतं. क्लाउड रेकॉर्डिंगसाठी पैसे भरून घेतलेलं खातं लागतं.

या दोन पर्यायांतला फरक फक्त जागेचा नाही. संगणकावरचं रेकॉर्डिंग त्या संगणकाच्या भरवशावर चालतं. तो बंद पडला की रेकॉर्डिंग थांबतं. बाईंनी त्या दिवशी फोनवरून तास घेतला तर ते सुरूच होत नाही, कारण फोनवर झूमला असं रेकॉर्डिंग करता येत नाही. क्लाउडवरचं रेकॉर्डिंग झूमच्या सर्व्हरवर होतं. घरातली वीज गेली, वायफाय गेलं आणि बाई दोन मिनिटांसाठी बाहेर फेकल्या गेल्या, तरी वर्गात मुलं आहेत तोवर मीटिंग चालू राहते आणि रेकॉर्डिंगही. त्या दोन मिनिटांत मुलांची कुजबुज रेकॉर्ड होईल, पण बाई परतल्यावर पुढचा तास त्याच फाइलमध्ये येईल. सगळेच बाहेर पडले आणि मीटिंग बंद झाली, तर मात्र पुन्हा सुरू केल्यावर दुसरी फाइल तयार होते. एका तासाच्या दोन फाइली दिसल्या तर घाबरण्याचं कारण नाही, दोन्ही उघडून पाहाव्यात.

घड्याळ नव्हे, प्रवेश

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ‘शेड्यूल’ म्हटलं की मोबाईलमधल्या गजरासारखं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. सोमवारी सात वाजले की यंत्र जागं होणार आणि साडेआठला थांबणार, असं वाटतं. प्रत्यक्षात हे रेकॉर्डिंग फ्रिजमधल्या दिव्यासारखं चालतं. दार उघडलं की दिवा लागतो, मग ते सकाळी उघडा की मध्यरात्री. झूमसुद्धा वेळ बघत नाही. ठरलेल्या लिंकवर मीटिंग सुरू झाली की रेकॉर्डिंग सुरू होतं आणि मीटिंग संपली की थांबतं.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही रोजच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली, तासाची वेळ पुढेमागे झाली तरी काही बिघडत नाही. सातचा तास साडेसातला घेतला, दिवाळीनंतर एखादा जादा तास रविवारी सकाळी घेतला, तरी लिंक तीच असेल तर रेकॉर्डिंग होणारच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलांना इथून ऑनलाइन तबला किंवा हार्मोनियम शिकवणाऱ्यांना हे विशेष सोयीचं आहे. तिकडची घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. तासाची वेळ वर्षातून दोनदा नव्यानं ठरवावी लागते, रेकॉर्डिंगची मात्र पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही.

दुसरी, मीटिंग पहिल्यांदा कोण सुरू करतं याला फार महत्त्व येतं. झूममध्ये होस्टच्या आधी मुलांना आत येऊ देण्याची एक सोय आहे. ती चालू ठेवली, तर पावणेसातला आलेल्या पहिल्या मुलापासून क्लाउड रेकॉर्डिंग सुरू होतं. पंधरा मिनिटांच्या गप्पा, कुणाच्या तरी घरातली टीव्हीवरची मालिका, हे सगळं फाइलमध्ये येतं. म्हणून नियमित तासांसाठी ती सोय बंद ठेवून वेटिंग रूम चालू ठेवावी. मुलं बाहेर थांबतात, बाई आल्या की मीटिंग आणि रेकॉर्डिंग एकदमच सुरू होतं. सुरुवातीचा नकोसा भाग तरीही राहिलाच, तर झूमच्या वेबसाइटवर रेकॉर्डिंग कुठून कुठवर दाखवायचं ते ठरवता येतं. पण ही काटछाट फक्त वेबसाइटवर पाहणाऱ्यांपुरती असते. फाइल डाउनलोड केली तर तीत सगळं जसंच्या तसं असतं.

तिसरी, तास संपवणंही जाणीवपूर्वक करावं लागतं. बाई स्वतः बाहेर पडल्या आणि मुलं आतच गप्पा मारत बसली, तर मीटिंग चालू राहते आणि ते सगळं रेकॉर्ड होत राहतं. शिवाय मीटिंग पूर्ण संपल्याशिवाय झूम फाइल तयार करायलाच घेत नाही. म्हणून शेवटी `End meeting for all` हाच पर्याय निवडायची सवय लावून घ्यावी.

एक वर्ष आखून बघू

समजा, आपल्या गणिताच्या बाईंचे तास सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन आहेत. जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे साधारण बत्तीस आठवडे. दिवाळीची सुट्टी वजा केली तरी नव्वदच्या आसपास तास होतात.

बाईंनी झूमच्या वेबसाइटवर लॉगिन करून आधी `Settings` मध्ये जावं आणि तिथल्या `Recording` या भागात `Cloud recording` चालू आहे ना ते पाहावं. खातं संस्थेचं असेल आणि ते बटण फिकट दिसत असेल, तर ती सोय संस्थेच्या खातं सांभाळणाऱ्यानं बंद करून ठेवलेली असते. मग बाईंच्या हातात काही नसतं, त्याच व्यक्तीला सांगावं लागतं. त्याच पानावर खाली `Automatic recording` हा पर्याय आहे. तो चालू करून `Record in the cloud` निवडावं. ही झाली खात्याची सर्वसाधारण सवय.

त्यानंतर मीटिंग शेड्यूल करताना `Recurring meeting` वर टिचकी मारायची. इथे पहिला खाचखळगा आहे. दर आठवड्याला अमुक वारी अमुक वाजता अशी मालिका आखली, तर झूम तिच्यातल्या तासांच्या संख्येला मर्यादा घालतं, ती पन्नास-साठच्या आसपास असते. आपल्याला नव्वद हवे आहेत. म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास मालिका संपणार, नवी करावी लागणार, नवी लिंक मुलांना पाठवावी लागणार. त्या गडबडीत नव्या मालिकेत आपोआप रेकॉर्डिंगची खूण राहून जाण्याची पूर्ण शक्यता.

त्याऐवजी `Recurrence` मध्ये `No Fixed Time` हा पर्याय घ्यावा. मग लिंक वर्षभर एकच राहते, तासांची संख्या मोजली जात नाही आणि वरच्या फ्रिजच्या दिव्याप्रमाणे कुठल्याही दिवशी ती वापरता येते. तोटा एवढाच, की झूम कॅलेंडरमध्ये तासांच्या नोंदी स्वतः घालत नाही. त्या नोंदी गूगल कॅलेंडरमध्ये आपण हातानं घालाव्यात आणि प्रत्येक नोंदीत हीच लिंक चिकटवावी.

याच पानाच्या तळाशी आणखी काही पर्याय लपलेले असतात. ते उघडून `Automatically record meeting` वर खूण करावी आणि समोर `In the cloud` निवडावं. `On the local computer` निवडलं गेलं, तर वर सांगितलेले सगळे धोके परत येतात. ही खूण प्रत्येक मालिकेची स्वतंत्र असते. त्यामुळे पूर्वीच तयार करून ठेवलेली एखादी मालिका असेल, तर खात्याची सवय बदलली म्हणून तीही बदलली असं गृहीत धरू नये. ती उघडून बघावी.

मग तालीम घ्यावी. लॅपटॉपवर बाई आणि फोनवर विद्यार्थी म्हणून कुणीतरी घरातलं, अशी पाच मिनिटांची मीटिंग करावी. स्क्रीनच्या कोपऱ्यात ढगाच्या चित्रासह `Recording` अशी खूण दिसली पाहिजे आणि फोनवर मीटिंग रेकॉर्ड होत असल्याची सूचना आली पाहिजे. दोन वाक्यं बोलावीत, पेनानं एक समीकरण लिहावं, मीटिंग सगळ्यांसाठी संपवावी आणि फाइलची वाट बघावी. फाइल तयार व्हायला मीटिंगच्या साधारण दुप्पट वेळ लागतो, गर्दीच्या वेळी चोवीस तासही लागू शकतात. ती तयार झाली की झूम ईमेल पाठवतं. फाइल उघडून आवाज ऐकावा आणि अक्षरं वाचता येतात का ते पाहावं. रेकॉर्डिंग चालू असणं आणि त्यात शिकवणं ऐकू येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपपासून लांब, भिंतीवरच्या फळ्यापाशी उभं राहून शिकवलं, तर मीटिंगमध्ये जेवढं अंधुक ऐकू येतं तेवढंच रेकॉर्डिंगमध्येही येतं.

तरीही राहून गेलं, ते कसं?

सगळं नीट लावूनही एखाद्या दिवसाची फाइल सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणा बिघडलेली नसते. तास दुसऱ्याच लिंकवर झालेला असतो.

असं होणं सोपं आहे. घाईत बाई झूम उघडतात, ठरलेली मीटिंग शोधण्याऐवजी पहिल्याच पानावरचं `New Meeting` दाबतात आणि ती लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. तास व्यवस्थित होतो, पण मालिकेतली खूण त्या नव्या मीटिंगला लागू नसते. म्हणूनच वर खात्याच्या सेटिंगमध्येही आपोआप रेकॉर्डिंग चालू करून ठेवायला सांगितलं. अशा घाईच्या मीटिंगला ते सावरून घेतं. याची एक बाजू अशी, की त्याच खात्यावरून घेतलेली पालकसभा किंवा घरच्यांशी बोलणंही रेकॉर्ड होईल. खातं फक्त शिकवण्यासाठीच वापरत असाल तर अडचण नाही. तसं नसेल, तर खात्याची सवय बंद ठेवून केवळ मालिकेच्या खुणेवर अवलंबून राहावं आणि लिंक अजिबात न बदलण्याची शिस्त पाळावी.

दुसरा प्रसंग बदली शिक्षकांचा. बाई आजारी पडल्या आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्या सरांनी स्वतःच्या खात्यावरून तास घेतला, तर रेकॉर्डिंग त्या सरांच्या सेटिंगप्रमाणे होईल किंवा होणार नाही. यासाठी मालिका आखतानाच सरांचं नाव `Alternative Hosts` मध्ये घालून ठेवावं. मग ते बाईंचीच मीटिंग सुरू करू शकतात आणि फाइल बाईंच्या खात्यात, बाकीच्या फाइलींच्या रांगेत येते. मात्र त्यासाठी सरांचंही पैसे भरून घेतलेलं खातं त्याच संस्थेच्या झूममध्ये असावं लागतं. दोघांची खाती वेगवेगळी असतील तर हा मार्ग चालत नाही. सरांच्या खात्यातही हेच सगळं लावून ठेवावं लागतं.

तिसरं कारण म्हणजे रेकॉर्डिंग मध्येच थांबवणं. एखादं खासगी बोलणं आलं की बाई ते थांबवतात आणि पुन्हा सुरू करायला विसरतात. म्हणजे जी विसराळू जागा आपण सुरुवातीला बुजवली, तीच मध्यभागी उघडते. थांबवायचंच असेल तर `Stop` ऐवजी `Pause` वापरावं. मग निदान पुढचं रेकॉर्डिंग त्याच फाइलमध्ये येतं. खासगी बोलणं तास संपल्यावर फोनवर करणं हे सगळ्यात उत्तम.

जागा किती, मुदत किती?

आपोआप होणारं रेकॉर्डिंग आपोआप जागाही भरतं. झूमच्या अंदाजानं व्हिडिओचा एक तास सुमारे २०० एमबी घेतो, नुसती शेअर केलेली स्क्रीन असेल तर सुमारे २० एमबी. बाईंचे आठवड्याला साडेचार तास होतात, महिन्याला साधारण अठरा. सगळा व्हिडिओच धरला तर महिन्याला ३.६ जीबी. खात्याला १० जीबी जागा आहे असं मानलं, तर जूनच्या मध्यात सुरू केलेला क्लास गणपतीच्या सुमारास ती जागा भरून टाकतो. जागा भरली की पुढच्या तासाचं रेकॉर्डिंग होत नाही आणि हे पुन्हा कळतं ते एखाद्या मुलीचा मेसेज आल्यावरच. आपल्या खात्याला नेमकी किती जागा आहे ते योजनेप्रमाणे बदलतं, ते आधी पाहून हाच हिशेब मांडावा.

जागा वाचवायला सोपा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये शेअर केलेली स्क्रीन आणि बोलणारी व्यक्ती एवढंच एका फाइलमध्ये ठेवणं. तिथे आणखीही खुणा करता येतात. सगळ्या मुलांचे चेहरे दाखवणारी वेगळी फाइल, नुसत्या स्क्रीनची वेगळी, नुसत्या आवाजाची वेगळी. सगळ्याच ठेवल्या तर एकच तास तीन-चार वेळा साठतो. दर महिन्याच्या शेवटी त्या महिन्याच्या फाइली डाउनलोड करून हार्ड डिस्कवर किंवा ड्राइव्हवर ठेवाव्यात, मगच क्लाउडवरच्या काढाव्यात. काढलेली फाइल झूमच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, तेवढ्यात परत आणता येते.

काही संस्था ठरावीक दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग ठेवतात. ते आधीच विचारून घ्यावं. टीम्समध्ये तर मुळातच १२० दिवसांची मुदत ठेवलेली असते, संस्थेनं ती बदलली नसेल तर. १५ जूनला शिकवलेलं धडे-सूत्र १३ ऑक्टोबरला गायब होईल आणि मुलांना उजळणी करायची असते जानेवारीत, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. टीम्समध्ये आपोआप रेकॉर्डिंगचा पर्याय मीटिंगच्या सेटिंगमध्ये असतो आणि फाइल वनड्राइव्हवर जाते. गूगल मीटमध्ये तो कॅलेंडरमधल्या नोंदीच्या व्हिडिओ कॉल सेटिंगमध्ये सापडतो आणि फाइल मीटिंग ठरवणाऱ्याच्या ड्राइव्हमधल्या `Meet Recordings` या फोल्डरमध्ये जाते. साध्या मोफत जीमेल खात्यावर ही सोय मिळत नाही.

मुलांना विचारलं का?

बटण हातानं दाबलं जात होतं, तेव्हा बाई निदान ‘रेकॉर्डिंग सुरू करते हं’ असं म्हणायच्या. आता तेही कुणी म्हणत नाही. झूम सूचना दाखवतं, पण सतरा वर्षांचा मुलगा ती न वाचता पुढे जातो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे तत्त्व आहे. म्हणून जूनमध्ये फीच्या पावतीबरोबरच पालकांकडून चार ओळींची लेखी संमती घ्यावी. तास रेकॉर्ड होतील, फाइल फक्त याच वर्गातल्या मुलांना मिळेल, निकालानंतर ती पुसली जाईल आणि मुलानं कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, एवढं त्यात स्पष्ट लिहावं. फाइल शेअर करताना पासकोड ठेवावा आणि डाउनलोडची सोय बंद करावी. सगळ्यांचे चेहरे दाखवणारी फाइल न ठेवण्याचं कारण इथे पुन्हा येतं. गणित समजायला फळा दिसला पाहिजे, वर्गमित्राची खोली नव्हे.

शनिवारची पाच मिनिटं

एवढं लावून झाल्यावर रोजचं काम उरत नाही, आठवड्याचं उरतं. शनिवारी झूमच्या `Recordings` या पानावर जावं. मालिकेतल्या सगळ्या फाइलींना एकच नाव असतं, फक्त तारीख वेगळी. ते नाव बदलून ‘अवकलन: साखळी नियम’ असा धड्याचा उल्लेख करावा. जानेवारीत नव्वद सारख्या नावांतून एक धडा शोधणाऱ्या मुलाचा बराच वेळ त्यानं वाचतो. आणि नावं बदलता बदलता मोजावं. या आठवड्यात तास तीन झाले, तर फाइली तीन दिसल्या पाहिजेत. दोनच दिसल्या तर कारण वर सांगितलेल्यांपैकीच एक असतं: लिंक बदलली, जागा भरली किंवा मध्येच थांबवलेलं सुरू केलं नाही. ते शनिवारी कळलं, तर सोमवारच्या तासाआधी दुरुस्त होतं आणि बुडालेला एक धडा सगळ्यांच्या आठवणीत ताजा असतानाच पुन्हा घेता येतो.